आठवड्याचं पेआउट स्टेटमेंट : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पाहिल्यावरचा अनुभव (डिलिव्हरी पार्टनर, हिंगणघाट)

मी हिंगणघाटात डिलिव्हरी करतो, हॉटेलचं जेवण अन् किराण्याच्या ऑर्डरी, अर्ध्या शहरात अन् अर्ध्या आजूबाजूच्या खेड्यात. कंपनीचं नाव नाही लिहीत कारण मले कंपनीबद्दल नाही तं त्या स्टेटमेंटबद्दल सांगायचं आहे जे दर आठवड्याले ॲपमध्ये येते. आमच्या इकडचे पोट्टे फक्त खालचा आकडा पाहतात, बँकेत किती आले, अन् कमी दिसले की म्हणतात कंपनीनं कापले. कधी कापलेले असतात, कधी नसतात, अन् दोन्हीतला फरक त्याच कागदावर सापडतो.

आमचा आठवडा सोमवार ते रविवार. हिशोब मंगळवारी ॲपमध्ये दिसतो, पैसे बुधवार-गुरुवारपर्यंत खात्यात येतात. वरच्या भागात कमाई असते (ट्रिपचे पैसे, हॉटेलवर थांबल्याचे पैसे, इन्सेंटिव्ह) अन् खालच्या भागात वजाबाकी. माझा पावसाळ्यातला एक आठवडा सांगतो म्हणजे समजून जाईल. ट्रिपचे ३,१८६, वेटिंगचे ६४, इन्सेंटिव्ह ३००, एकूण ३,५५०. खाली टीडीएस ३५.५०, बॅग अन् टी-शर्टचा हप्ता १००, पेनल्टी १८०, कॅश ॲडजस्टमेंट ६४०. हातात आले २,५९४ रुपये ५० पैसे. म्हणजे साडेनऊशेच्या वर गेले असं वाटते, पण तसं नाही.

पहिले कॅश ॲडजस्टमेंट पाहा, कारण सगळ्यात जास्त भांडणं याच ओळीवरून होतात. आपल्याकडं खेड्यात अजून बरेच लोक नगद देतात. ते पैसे आपल्या खिशात असतात पण कंपनीचे असतात, ते ॲपमधून यूपीआयनं भरायचे. रविवारी रात्री हिशोब बंद होताना जेवढी नगद भरायची राहिली तेवढी कंपनी पेआउटमधून वळती करते. माझ्याकडं ६४० होते, ते खिशात होतेच, म्हणजे तो तोटा नाही. घोळ कुठं होतो तं रविवारी रात्री उशिरा भरलं की. पैसे आपल्या खात्यातून लगेच जातात पण त्यांच्या हिशोबात सोमवारी चढतात, म्हणून तेच ६४० एकदा आपण भरले अन् एकदा पेआउटमधून गेले असं होते. पुढच्या आठवड्यात कॅश ॲडजस्टमेंटच्या ओळीत तोच आकडा अधिक चिन्हानं आला का हे पाहायचं. आला तं हिशोब बरोबर, नाही आला तं यूपीआयचा व्यवहार नंबर टाकून ॲपमध्ये तक्रारीचं तिकीट करायचं. मी आता शनिवारीच बहुतेक नगद भरून टाकतो.

दुसरी गोष्ट अंतराची, अन् यात मले खरंच राग आहे. आमच्याकडं पहिल्या ३ किलोमीटरचे २५ रुपये अन् पुढं किलोमीटरले ६. पण किलोमीटर म्हणजे गाडी जेवढी चालली ते नाही, मॅपवरचा सगळ्यात जवळचा रस्ता. अन् मॅपले पांदण रस्ता अन् डांबरी रस्ता सारखाच दिसते! काळी माती, आषाढातला पाऊस, त्या पांदणीतून बैलगाडी निघत नाही तिथून मोटरसायकल कशी निघणार. नाल्यापलीकडच्या एका गावाची ट्रिप स्टेटमेंटमध्ये ७.२ किलोमीटर लागते, म्हणजे २५ अधिक ४.२ गुणिले ६, एकूण ५० रुपये २० पैसे. डांबरी रस्त्यानं तेच अंतर ११ किलोमीटर पडते, त्याचे ७३ झाले पाहिजे होते. एका ट्रिपमागं २२ रुपये ८० पैसे, अन् वापस येण्याचे काहीच नाही, मोकळी गाडी घेऊन या.

हे खालच्या एकूण आकड्यात कधीच दिसत नाही, प्रत्येक ट्रिपवर बोट दाबून आतला तपशील उघडला तेव्हाच दिसते. मी गाडीच्या मीटरचा फोटो हॉटेलवर एक अन् गिऱ्हाइकाच्या दारात एक असा काढायले लागलो अन् ट्रिप आयडीसोबत तिकीट टाकायले लागलो. काही तिकिटांचे पैसे आले, काहींवर "सिस्टीमनुसार अंतर बरोबर आहे" असं उत्तर आलं. उन्हाळ्यात पांदण सुकली की तिथूनच जातो, तेव्हा ७.२ बरोबर असते, तेव्हा तक्रार पण करत नाही.

पेनल्टीचे ते १८० कशाचे होते तं त्याच बाजूच्या एका गावात रेंज नाही. जेवण गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, पण "डिलिव्हर्ड" दाबलं तं ॲप फिरतच राहिलं, शेवटी मोठ्या रस्त्यावर आल्यावर नोंद झाली. ॲपनं ते ठिकाण दोन किलोमीटर दूर धरलं अन् चुकीच्या जागी ऑर्डर संपवली म्हणून पूर्ण ऑर्डरची किंमत माझ्यावर टाकली. दारातला फोटो होता, गिऱ्हाइकाले लावलेल्या कॉलची नोंद होती, म्हणून पुढच्या आठवड्यात १८० वापस आले. पण कसे आले पाहा, नुसतं "अदर ॲडजस्टमेंट +180", कोणत्या ऑर्डरचे ते लिहिलंच नाही. एखाद्याच्या दोन-तीन तक्रारी चालू असल्या तं कोणती सुटली अन् कोणती राहिली हे त्याले समजणारच नाही. स्टेटमेंटमधली सगळ्यात वाईट गोष्ट मी हीच म्हणीन. कापताना ऑर्डर आयडी देता, तं वापस देताना पण द्या ना.

म्हणजे त्या आठवड्याची खरी वजाबाकी फक्त टीडीएस अन् बॅगचा हप्ता. खरी कमाई ३,४१४ रुपये ५० पैसे, पेट्रोल त्यातूनच. पेट्रोलची ओळ स्टेटमेंटमध्ये नसतेच, ते आपल्या वहीत आपणच लिहायचं.

इन्सेंटिव्हचं थोडक्यात सांगतो. ४० ट्रिपले ३००, ६० ले ७००, पण ६० झाल्या तं ७००च मिळतात, दोन्हीची बेरीज नाही. अन् रविवारी रात्री बाराच्या आधी घेतलेली पण बारानंतर पोचलेली ट्रिप पुढच्या आठवड्यात मोजतात. टार्गेटले एकच ट्रिप बाकी असली तं शेवटच्या तासात लांबच्या खेड्याची घेऊ नका, शहरातली पाहा.

टीडीएस १ टक्का जातो, तो एकूण कमाईवर, नगद वळती करायच्या आधीच्या आकड्यावर. पॅन नंबर भरला नसला किंवा चुकीचा असला तं २० टक्के जातात, आमच्यातल्या एका नवीन पोट्ट्याचे तसे गेले होते अन् तो पेनल्टी समजून भांडून राहिला होता. हे पैसे आपल्या पॅनवर जमा असतात, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर 26AS उघडून पाहता येते, अन् कमाई टॅक्स लागण्याएवढी नसली तं रिटर्न भरून वापस मिळतात. त्यासाठी जुनी स्टेटमेंटं लागतात अन् आमच्या ॲपमध्ये मागचे थोडेच आठवडे दिसतात, म्हणून दर मंगळवारी पीडीएफ डाउनलोड करून स्वतःलेच व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवतो.

पाचपैकी तीन स्टार. ट्रिपचा तपशील चांगला आहे, पैसे वेळेवर येतात. ॲडजस्टमेंटच्या ओळीत ऑर्डर आयडी टाकला अन् पावसाळ्याचे चार महिने पांदण रस्ते मॅपमधून काढले तं चौथा पण देईन.