मुरूम यंदा काढावा की पुढच्या वर्षीपर्यंत ठेवावा?

समजा, जालन्याकडच्या माळावर तुमच्या मालकीचा मुरूम आहे आणि जवळच रस्त्याचं काम सुरू आहे. भाव ब्रासला 600 रुपये. जेसीबी, डिझेल, मजुरी, रॉयल्टी धरून खर्च 400. म्हणजे हातात 200 उरतात, आणि निर्णय या 200 वरच घ्यायचा.

यंदा काढून पैसे 8 टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर वर्षाने 200 चे 216 होतात. मुरूम जमिनीतच ठेवला तर त्यावर व्याज मिळत नाही. निव्वळ भाव वाढला तरच कमाई. खर्च तोच राहिला तर बाजारभाव 616 झाला तरी बरोबरी होते, म्हणजे वाढ तीन टक्क्यांहूनही कमी. भाव आठ टक्के वाढेल का, असं लोक विचारतात तिथेच हिशेब चुकतो.

पण निव्वळ भाव 216 वर जाईलच का? परिसरातल्या सगळ्या मालकांचा मिळून साठा 192 ब्रास आहे, आणि तो दोन वर्षांत संपणार आहे, असं धरू. यंदा असो वा पुढच्या वर्षी, शंभर ब्रास विकले गेले तर निव्वळ 200 सुटतात, आणि विक्री एका ब्रासने कमी-जास्त झाली की भाव दोन रुपयांनी चढतो-उतरतो. दोन्ही वर्षी 96-96 ब्रास काढले तर दोन्ही वर्षी 208. मग थांबणाऱ्याला 208 च, आणि यंदा विकणाऱ्याचे व्याजासह जवळपास 225. साहजिकच काहीजण यंदाच काढतील. चार ब्रास इकडे सरकले की यंदा 100 ब्रासला 200 आणि पुढे 92 ब्रासला 216. आता कुणालाच बेत बदलावासा वाटत नाही. संपणाऱ्या साठ्याचा निव्वळ भाव व्याजाच्या गतीने वाढतो तो असा. अमेरिकी अर्थतज्ज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी 1931 मध्ये हा नियम मांडला.

तरी दोन मालकांचं उत्तर एकच येईल असं नाही. ज्याच्या डोक्यावर शेकडा दोनचं सावकारी कर्ज आहे, त्याचा दर वर्षाला 24 टक्के. त्याला थांबण्यासाठी पुढच्या वर्षी 248 हवेत. 216 च्या भरवशावर त्याने मुरूम ठेवू नये. काढावा आणि कर्ज फेडावं. ज्याची ठेव बँकेत आहे, तो 216 च्या वर आशा असेल तर खुशाल थांबू शकतो.

नियम कोलमडतो तो साठा खरंच मर्यादित नसला तर. शेजारच्या गावात तसाच मुरूम निघाला, किंवा रस्त्याचं काम उरकलं, तर निव्वळ भाव वाढायचं सोडून घसरतो. खाली कठीण पाषाण लागला तर ब्रेकर लावावा लागतो आणि उरलेल्या ब्रासचा खर्च 400 वर राहत नाही. म्हणून ठरवण्याआधी कंत्राटदाराला काम किती महिने चालणार ते विचारा, आणि माळावर दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरमाचा थर किती खोल जातो ते मोजा.