इंडिकेटर लुकलुकत नाही: तसाच फ्लॅशर बसवावा की इलेक्ट्रॉनिक?

इंडिकेटर सतत जळत राहिला किंवा अडखळत लुकलुकला की पहिला संशय दिवे लुकलुकवणाऱ्या फ्लॅशर रिलेवर जातो. मात्र एकाच बाजूला त्रास असेल, तर दोष बहुधा रिलेचा नसतो. रिले दोन्ही बाजूंना एकच असतो. डावी बाजू नीट चालते आणि उजवी अडखळते, तर उजव्या बाजूचा उडालेला बल्ब, चुकीच्या वॅटचा बल्ब किंवा गंजलेला होल्डर शोधा. दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्या असतील, तेव्हाच रिलेकडे वळा.

त्याची परीक्षा सोपी आहे. रिले काढा आणि त्याच्या कनेक्टरमधल्या बी (बॅटरी) व एल (लोड) या दोन जागा छोट्या वायरने जोडा. चावी चालू करून स्विच डावीकडे, मग उजवीकडे करा. दोन्ही बल्ब न लुकलुकता लख्ख जळले, तर वायरिंग आणि स्विच ठीक आहेत. मंद जळले, तर आधी बॅटरी, चासीला जाणारी अर्थची वायर आणि होल्डर पाहा. नवा रिले तिथे काही करू शकणार नाही. ही वायर चासीला टेकू देऊ नका, फ्यूज उडेल.

आता निवड. बऱ्याच जुन्या गाड्यांतला दोन पिनांचा रिले तापून चालतो. बल्बांचा प्रवाह आतल्या धातूच्या पट्टीला तापवतो, पट्टी वाकते, संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. म्हणजे लुकलुकण्याचा वेग बल्ब किती प्रवाह ओढतात यावर ठरतो. चारही बल्ब मूळ वॅटचे असतील आणि तसेच ठेवायचे असतील, तर त्याच प्रकारचा, त्याच वॅटचा रिले घ्या. तो बसवायला काढा-घाला एवढेच काम आहे. मर्यादा एकच: बॅटरी उतरली असेल तर गाडी आयडलला असताना तो मंदावतो.

एलईडी लावल्यावर हिशेबच बदलतो. समजा, १२ व्होल्टची गाडी आहे आणि प्रत्येक बाजूला १० वॅटचे दोन बल्ब आहेत. मिळून २० वॅट, म्हणजे सुमारे १.७ अँपियर. मागचे दोन्ही बल्ब काढून १ वॅटचे एलईडी लावले, तर एका बाजूला ११ वॅट उरतात, जेमतेम ०.९ अँपियर. एवढ्यात पट्टी पुरेशी तापत नाही, संपर्क जुळलेलाच राहतो आणि इंडिकेटर लावला की सरळ जळत राहतो. इथे रिले खराब झालेला नाही. नवा, पण त्याच प्रकारचा बसवला, तरी तो तसाच वागेल.

अशा वेळी लोड कितीही असो, ठराविक वेगाने चालणारा इलेक्ट्रॉनिक रिले हवा. दोन पिनांचा इलेक्ट्रॉनिक जुन्या कनेक्टरमध्ये थेट बसतो, पण त्याला स्वतःची अर्थ नसते. चालायला लागणारी वीज तो दिव्यांमधूनच घेतो. समोर साधे बल्ब असतील तर भागते. चारही एलईडी असतील तर काही रिले अडखळतात किंवा विझण्याच्या वेळीही एलईडी मंद उजळत राहतात. तीन पिनांच्या रिलेला ई ही वेगळी अर्थ असते, म्हणून तो दिव्यांवर अवलंबून राहत नाही. पूर्ण एलईडीसाठी तोच घ्यावा. एक वायर चासीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या बोल्टला लावावी लागते, एवढेच जास्तीचे काम.

पिनांचा क्रम मात्र सगळ्या तीन-पिनी रिलेंमध्ये सारखा नसतो: कुठे बी-एल-ई, कुठे बी-ई-एल. त्यामुळे पिनांच्या जागेवरून न ठरवता रिलेवरची अक्षरे वाचा. चावी चालू केल्यावर ज्या वायरवर १२ व्होल्ट येतात, ती बी. जागा चुकली तर रिले जळू शकतो.

एलईडीला समांतर रेझिस्टर लावून जुना रिले चालवता येतो. वरच्या उदाहरणात प्रत्येक बाजूला १५ ओहमचा, किमान २५ वॅटचा रेझिस्टर सुमारे ०.८ अँपियर ओढतो आणि गेलेला भार भरून निघतो. पण तो हाताला चटका बसेल इतका तापतो; प्लॅस्टिकपासून दूर, धातूच्या पट्टीवरच लावावा लागतो. इंडिकेटरची वीज वाचवण्यासाठीच एलईडी लावले असतील, तर ही वाट सुचवता येत नाही.

चारही एलईडी लावल्यावर एक बाजू चालू करताच चारही लुकलुकू लागले, तर रिले बदलत बसू नका. मीटरवरचा एकच सूचक दिवा डाव्या-उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असतो आणि पलीकडच्या फिलामेंटमधून त्याला अर्थ मिळते. एलईडी आल्यावर त्याच वाटेने निघालेला प्रवाह पलीकडचे दिवेही उजळतो. सूचक दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवा. दोन्ही बाजूंकडून प्रत्येकी १ अँपियरचा एक डायोड घ्या, त्यांची पट्टे असलेली टोके एकत्र करून दिव्याला जोडा आणि दिव्याचे दुसरे टोक चासीला लावा.