हेल्मेटच्या पट्ट्याखालचे मुरूम : सात महिन्यांनंतर काय उपयोगी पडलं

मी नागपुरात पार्सल पोचवायचं काम करतो. सकाळी नऊ ते रात्री आठ रस्त्यावर, आणि दिवसातून साठ-सत्तर वेळा हेल्मेटचा पट्टा उघडायचा, पुन्हा लावायचा. गेल्या दिवाळीनंतर हनुवटीखाली आणि जबड्याच्या दोन्ही बाजूंना पुटकुळ्या यायला लागल्या. आई म्हणाली, "उष्णता झालीय तुला, रोज सब्जा घे." घेतला. फरक पडला नाही. शाळा-कॉलेजात मला कधी मुरूम आले नव्हते, मग तिशी ओलांडल्यावर हे कुठून आलं, तेच कळेना.

पहिली चूक मी केली ती मेडिकलमध्ये जाऊन "काहीतरी चांगलं द्या" म्हणायची. एक ट्यूब मिळाली. चार दिवसांत लाली गेली, आग थांबली, मला वाटलं सुटलो. दीड महिना रोज लावली. एक दिवस ती संपली, आणि आठवड्याच्या आत सगळा जबडा लाल झाला. त्यावर बारीक, एकाच मापाचे दाणे उठले. ट्यूबवर नाव वाचलं तर त्यात बीटामेथासोन होतं, म्हणजे स्टिरॉइड. स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून आधी बरं वाटतं. पण मुरमाचं कारण तसंच राहतं, चेहऱ्याची त्वचा पातळ होते आणि स्टिरॉइडमुळेच नवे दाणे येतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती चेहऱ्याला लावू नका, हे मी कळकळीने सांगतो.

फेब्रुवारीत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी आधी तोंडाकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "बाहेर हेल्मेट ठेवलंय ना? घेऊन या आणि घालून दाखवा." पट्टा लावला. त्यांनी पट्ट्याच्या दोन्ही कडांलगत पेनाने गालावर बारीक खुणा केल्या, मग हेल्मेट काढायला लावलं आणि आरसा दिला. दोन रेघांच्या आत पुळ्या, बाहेर जवळजवळ काही नाही. कपाळ साफ, नाक साफ, पाठ साफ. "हे पोटातून आलेलं नाही, पट्ट्यातून आलंय," त्या म्हणाल्या. याला अ‍ॅक्ने मेकॅनिका म्हणतात. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्यांनाही हनुवटीच्या पट्ट्याखाली हेच होतं.

कारण त्यांनी असं समजावलं. पट्ट्याखाली घाम अडकतो, ओली त्वचा फुगते आणि छिद्राचं तोंड आवळतं. आतलं तेल बाहेर पडत नाही. त्यावर दिवसभर दाब आणि घासणं चालूच असतं, त्यामुळे आत तुंबलेली छोटी गाठ त्वचेतच फुटते आणि लाल, दुखरी पुळी होते. म्हणजे घासणं थांबल्याशिवाय नुसत्या औषधाने भागणार नव्हतं.

घरी येऊन मी पट्टा नीट पाहिला. काळ्या नायलॉनवर घामाच्या मिठाची पांढरी रेघ होती आणि कड बोटाला खरखरीत लागत होती. तीन वर्षांत एकदाही धुतला नव्हता. कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून पट्टा बुडवला, तर पाणी चहासारखं झालं. आता दर रविवारी धुतो, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळतो आणि सावलीत वाळवतो. साबण राहिला तर त्यानेही आग होते, हा अनुभव एकदा घेतला.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पट्ट्यावरच्या सुती कव्हरचा. बायकोने जुन्या बनियनची सहा कव्हरं शिवून दिली, वीतभर लांब, पट्ट्यावर सरकवता येतील अशी. शिवण बाहेरच्या बाजूला, त्वचेला नाही. कव्हर बकलपर्यंत जाऊ द्यायचं नाही, नाहीतर ते नीट अडकत नाही. सुरुवातीला मी एकच कव्हर दिवसभर वापरायचो आणि फरक दिसेना. सुती कापड घाम शोषतं, पण ओलं झालं की ओलंच राहतं, आणि मग ते पट्ट्याइतकंच वाईट. आता दुपारी जेवताना तोंड साध्या पाण्याने धुतो, टिपून घेतो आणि कोरडं कव्हर चढवतो. एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला तीन लागली. पावसाळ्यात ती वाळत नाहीत, तेव्हा सहाही पुरत नाहीत.

एका मित्राने पट्टा सैल ठेवायला सांगितलं होतं. तसं करू नका. सैल पट्टा प्रत्येक खड्ड्याला खालीवर सरकतो, म्हणजे जास्तच घासतो, आणि पडलात तर हेल्मेट डोक्यावर राहत नाही. पट्टा आणि हनुवटी यांच्यात दोन बोटं जेमतेम जातील इतकं ठेवा. कव्हर चढवल्यावर पुन्हा मापून घ्या.

औषधाचं सांगतो. स्टिरॉइड बंद केल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तोंड आणखी बिघडेल, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि तसंच झालं. त्या काळात फक्त सौम्य फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर. मग बेंझॉइल पेरॉक्साइडची २.५ टक्के जेल सुरू झाली. मी ५ टक्के मागितली होती. त्या म्हणाल्या, गुण साधारण तेवढाच, आग मात्र जास्त. रात्री तोंड धुऊन कोरडं केल्यावर जेलचा पातळ थर लावायचो आणि झोपायचो. सकाळी उरलेली जेल घामाबरोबर कव्हरला लागली आणि काळी कव्हरं विटकरी झाली, उशीचा अभ्राही गेला. हे औषध कपड्याचा रंग उडवतं. तेव्हापासून लावून पाच मिनिटांनी धुऊन टाकतो, आणि टॉवेल पांढराच वापरतो. त्वचा सोलणंही त्याने कमी झालं.

दाढी सकाळी करून लगेच पट्टा लावायचो, तेही सोडलं. आता रात्री ट्रिमरने करतो, अगदी गुळगुळीत नाही.

नव्या पुळ्या सहाव्या आठवड्यात कमी झाल्या, तिसऱ्या महिन्याअखेर जवळजवळ थांबल्या. जुलैत चार दिवस ओलं कव्हर तसंच वापरलं, तर त्याच जागी तीन उठल्या. तपकिरी डाग मात्र अजून आहेत. ते फिके व्हायला महिने लागतात आणि उन्हाने गडद होतात, म्हणून सकाळी सनस्क्रीन लावतो.

प्रत्येकाचं दुखणं हेच असेल असं नाही. माझ्याबरोबरच्या एकाने माझंच सगळं केलं आणि त्याचं वाढलं. त्याला पुळ्या कमी आणि खाज जास्त होती, त्वचा खवलेदार झाली होती आणि चट्टा पट्ट्याच्या कडेबाहेर पसरत होता. पाठीवर पॅच टेस्टच्या पट्ट्या ४८ तास ठेवल्या, तेव्हा रबराची अ‍ॅलर्जी निघाली. त्याच्या पट्ट्याला हनुवटीखाली रबरी गादी होती. ती काढून पट्टा बदलल्यावर तीन आठवड्यांत त्याची हनुवटी कोरडी झाली, जेल न लावता.