अक्षांश-रेखांश कोणत्या रूपात पाठवावेत? दशांश अंश, अंश-मिनिट-सेकंद आणि प्लस कोड यांची तुलना

सिंहगडाच्या माथ्यावर कोणाचा पाय मुरगळला आहे आणि खालून येणाऱ्या माणसांना नेमकी जागा कळवायची आहे, असे समजू. गडावर घर क्रमांक नसतो, आणि "कल्याण दरवाज्यापासून थोडे पुढे" हे वर्णन अंधारात किंवा धुक्यात पुरत नाही. अशा वेळी फोनमधील नकाशावरून अक्षांश आणि रेखांश वाचून पाठवणे हा खात्रीचा मार्ग आहे. मात्र एकाच बिंदूची ही माहिती वेगवेगळी अॅप वेगवेगळ्या रूपांत दाखवतात. गडमाथ्यावरील एक बिंदू घेतला, तर तो पुढील चारही प्रकारे लिहिता येतो.

```
18.36630, 73.75590
18 21.978, 73 45.354
18°21'58.7"N 73°45'21.2"E
7JCM9Q84+G9
```

पहिल्या ओळीत दशांश अंश आहेत. दुसऱ्या ओळीत अंश आणि दशांशातील मिनिटे आहेत, तिसऱ्या ओळीत अंश-मिनिट-सेकंद आहेत आणि चौथा प्लस कोड आहे. पहिल्या तिन्ही ओळी नेमका तोच बिंदू सांगतात, तर प्लस कोड त्या बिंदूभोवतीचा सुमारे 14 मीटर लांबी-रुंदीचा चौकोन सांगतो. गूगल मॅप्सच्या शोधपेटीत ही चारही रूपे चालतात. म्हणून निवड करताना अॅपला काय समजते यापेक्षा, सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये चूक कोठे होऊ शकते आणि झालेली चूक लक्षात येते का, हे पाहावे लागते.

सर्वांत घातक चूक अंश-मिनिट-सेकंद या रूपातून होते. आयफोनमधील कंपास अॅपच्या तळाशी जागा याच रूपात दिसते. एखाद्याने ती पाहून घाईने "अठरा, एकवीस, अठ्ठावन्न, त्र्याहत्तर, पंचेचाळीस, एकवीस" असे सांगितले आणि ऐकणाऱ्याने अठरानंतर टिंब देऊन ते 18.2158, 73.4521 असे लिहून घेतले, तर नकाशा कोणतीही तक्रार न करता एक जागा दाखवतो. पण एका अंशात 60 मिनिटे असतात, 100 नव्हेत. त्यामुळे 21 मिनिटे म्हणजे 0.21 अंश नसून 0.35 अंश होतात. हिशेब केला तर ही चुकीची जागा खऱ्या जागेपासून सरळ रेषेत सुमारे 36 किलोमीटर दूर, रायगडापासून दोन-अडीच किलोमीटरवर येते. आकडे सिंहगडाचे, आणि शोधणारी माणसे सह्याद्रीच्या घाटमाथ्यापलीकडे कोकणाच्या बाजूला. तेथेही डोंगर आहे, गड आहे, पायवाटा आहेत. नकाशा पाहून शंका यावी असे काहीच नाही. या रूपाविषयी मी सावध असतो तो याच कारणाने.

याची तुलना दशांश अंशांतील नेहमीच्या चुकीशी करून पाहावी. तेथे लोक बहुधा क्रम उलटा करतात, म्हणजे आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात. 73.7559, 18.3663 असे टंकले तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. ही चूक फार मोठी आहे, पण क्षणात दिसते आणि क्षणात सुधारता येते. क्रम आठवत नसेल तर एवढेच लक्षात ठेवावे की महाराष्ट्रात अक्षांश साधारण 15 ते 22 आणि रेखांश 72 ते 81 यांच्या दरम्यान असतो. म्हणजे लहान आकडा आधी, मोठा नंतर. गोव्यातही पहिला आकडा 15 च्या आसपास आणि दुसरा 74 च्या आसपास असतो. दशांश अंश चुकून मिनिट-सेकंद म्हणून वाचले गेले, तरी ती चूक पुष्कळदा आपणच उघडी पडते. आपल्या उदाहरणातील 73.7559 चे कोणी "73 अंश 75 मिनिटे" केले, तर 75 मिनिटे असूच शकत नाहीत हे जाणकाराच्या ध्यानात येते. उलट दिशेच्या चुकीत असा पहारेकरी नसतो, कारण 60 पेक्षा लहान कोणताही आकडा दशांश चिन्हानंतर निमूट बसतो.

नेमकेपणाच्या दृष्टीनेही दशांश अंश सोयीचे ठरतात. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा असतो. आपल्याकडे रेखांशाचा अंश त्याहून थोडा आखूड, पुण्याच्या आसपास साधारण 106 किलोमीटरचा असतो. यावरून दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा शंभर-सव्वाशे मीटरचा, चौथा 11 मीटरचा आणि पाचवा सुमारे एक मीटरचा फरक दाखवतो. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची जागा पाच-एक मीटरपर्यंत बरोबर असते, त्यामुळे पाच आकडे पुरेसे आहेत. सहावा आकडा पाठवल्याने काही बिघडत नाही, पण तोंडी सांगताना तो गाळावा, कारण त्याने फक्त चुकीची एक संधी वाढते. तीनच आकडे दिले, तर मात्र झाडीत माणूस शोधायला अर्धा तास जाऊ शकतो. सेकंदांच्या रूपात एक पूर्ण सेकंद म्हणजे सुमारे 31 मीटर. कंपास अॅप सेकंदाचा दशांश दाखवत नाही, म्हणून आपला बिंदू तेथे 18°21'59" आणि 73°45'21" असा दिसेल आणि खऱ्या जागेपासून बारा मीटर सरकेल. सपाट माळावर हे चालून जाते. कड्याच्या काठावर बारा मीटर म्हणजे वर की खाली हा प्रश्न असतो.

फोनमध्ये फक्त सेकंदांचेच रूप दिसत असेल, तर ते मनाने दशांशात बदलत बसण्यापेक्षा "अंश", "मिनिटे", "सेकंद" हे शब्द प्रत्येक आकड्यामागे उच्चारून तसेच सांगावे. बदलायचेच असेल तर 58.7 ला 60 ने भागून 0.978 येतात, त्यात 21 मिळवून 21.978 मिनिटे होतात, त्यांना पुन्हा 60 ने भागले की 0.3663 येते, आणि त्यात 18 मिळवायचे. हे घरी बसून करायचे काम आहे, गडावर थरथरत्या हातांनी करायचे नव्हे.

प्लस कोड येथे एका बाबतीत उजवा ठरतो. तो दहाच अक्षर-अंकांचा असतो, आणि त्यात एक, शून्य यांसारखे फसवे अंक तसेच इंग्रजी स्वर मुद्दाम वगळलेले असतात, त्यामुळे लिहून घेताना गोंधळ कमी होतो. परंतु नकाशावर पुष्कळदा त्याचे आखूड रूप, म्हणजे "9Q84+G9" आणि पुढे गावाचे नाव, असे दिसते. गावाचे नाव गाळून नुसता कोड पाठवला, तर समोरच्याचा नकाशा त्याच्या आसपासचा तसाच कोड शोधू शकतो. शिवाय सगळ्याच बचाव पथकांच्या, वनखात्याच्या किंवा मोजणीच्या उपकरणांत हा कोड चालेल असे गृहीत धरता येत नाही; अंशांचे आकडे मात्र सर्वत्र चालतात. घरपोच सामान मागवताना किंवा पाहुण्यांना वाडीतील घर दाखवताना मी प्लस कोड आनंदाने वापरेन. रानात तो मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

रूप कोणतेही निवडले, तरी आकडे कोणत्या बिंदूचे आहेत हे आधी ठरावे लागते, आणि येथे पुष्कळ लोक फसतात. नकाशावरील निळा ठिपका म्हणजे फोनला वाटणारी स्वतःची जागा. त्याभोवती फिकट निळे वर्तुळ मोठे दिसत असेल, तर फोनला अजून खात्री नाही. उंच कड्याखाली, दाट झाडीत किंवा इमारतीत हे वर्तुळ फुगते. अशा वेळी आकाश दिसेल अशा जागी दोन-तीन मिनिटे थांबावे, वर्तुळ आक्रसले की मगच वाचावे. फोनला उपग्रहांवरून जागा कळण्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. मात्र नेटवर्क नसताना पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. व्हॉट्सअॅपवर आपले सध्याचे स्थान पाठवतानाही ते किती मीटरपर्यंत अचूक आहे हे लिहिलेले दिसते. तो आकडा पाहिल्याशिवाय पाठवू नये.

आकडे मिळवण्यासाठी गूगल मॅप्समध्ये नकाशा शक्य तितका मोठा करून निळ्या ठिपक्यावर नव्हे, तर त्याच्या अगदी लगत बोट दाबून धरावे. लाल पिन उमटते आणि अँड्रॉइड फोनवर आकडे वरच्या शोधपेटीत येतात. आयफोनवर खालचे पान वर ओढल्यावर दिसतात. आकड्यांवर दाबून ते नक्कल करून घ्यावेत, हाताने टंकू नयेत. नकाशा लहान असताना बोट ठेवले, तर बोटाखालीच शेकडो मीटरचा परिसर येतो आणि पिन भलतीकडे बसते. दरवाजा, मंदिर किंवा हॉटेलाच्या नावावर बोट पडले, तर त्या ठिकाणाचे पान उघडते आणि तुमच्या जागेऐवजी त्या ठिकाणाचा बिंदू पाठवला जातो.

आता पाठवण्याच्या मार्गाचा विचार. दोन्हीकडे इंटरनेट असेल, तर नकाशाचा दुवा सर्वांत निर्धोक, कारण त्यात कोणी काही वाचत नाही आणि लिहीत नाही. डोंगरात डेटा नसून फक्त साधा संदेश जाण्याइतपत रेंज असते, तेव्हा दुवा पोहोचला तरी उघडेलच असे नाही. तेथे साध्या संदेशात दशांश अंश, पाच आकड्यांसह, हेच योग्य. फक्त बोलणे शक्य असेल, तर संख्या न उच्चारता एकेक अंक सांगावा. मराठीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सत्तावन्न आणि सदुसष्ट हे शब्द वाऱ्याच्या आवाजात एकमेकांत मिसळतात. "पाच, नऊ" आणि "सहा, नऊ" मिसळत नाहीत. बोलणे साधारण असे व्हावे:

"अक्षांश सांगतो. एक, आठ, टिंब, तीन, सहा, सहा, तीन, शून्य."

"एक, आठ, टिंब, तीन, सहा, सहा, तीन, शून्य. पुढे सांगा."

"रेखांश. सात, तीन, टिंब, सात, पाच, पाच, नऊ, शून्य. आता नकाशात टाका, आणि जवळ काय लिहिलेले दिसते ते मला सांगा."

"सिंहगड दिसतो. पायथ्याला डोणजे गाव."

शेवटचा प्रश्न वगळू नये. अंक जसेच्या तसे परत वाचून दाखवले, तरी ते कोणत्या रूपातले आहेत हा गैरसमज तसाच राहू शकतो. ऐकणाऱ्याने "रायगड दिसतो" म्हटले, तर तो तेथेच उघडा पडतो, आणि माणसे गाडीत बसण्यापूर्वी पडतो.