तांबडा चुलीवर, पांढरा वैलावर

कोल्हापुरात आमच्या घरी रविवारी दोन पितळी पातेली चढतात. तांबड्याला चुलीचं तोंडच हवं, कारण मोठ्या जाळावर तेल सुटून तर्री वर येते. पांढऱ्या रश्शाला मात्र मी शेजारचा वैलच देते. तिथं थेट जाळ नाही, नुसती धग. नारळाचं दूध खळखळून उकळलं की फुटतं. खिडकीच्या उजेडात धरलं तर कण आणि पाणी वेगळं झालेलं दिसतं. म्हणून कडेला बुडबुडे येताच पातेलं उतरवायचं. धूर हलका असेल तर बरा, डोळे झोंबले तर लाकूड ओलं आहे. आणि कल्हई उडून पातेलं आतून पिवळं दिसत असेल, तर टोमॅटो घातलेला तांबडा त्यात नकोच. आंबटानं तांबं रश्शात उतरतं.