चार्पी मशीन आणि कोल्ड बाथ: नागपुरात आठ महिने वापरल्यावर

हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या फोर्जिंग कारखान्यात ३०० जूलचं चार्पी मशीन आणि कोल्ड बाथ गेल्या ऑक्टोबरात आले. बाथ स्टीलचं सॅम्पल थंड करतो; मशीन त्या सॅम्पलला पाडलेल्या नॉचपाशी, म्हणजे खाचेपाशी, पेंड्युलम मारून ते तोडतं आणि तुटताना किती जूल ऊर्जा गेली ते दाखवतं. मशीनबद्दल तक्रार नाही. पेंड्युलम मोकळा सोडला की काटा रोज शून्यावर येतो. बाथ मात्र नागपूरचा उन्हाळा सोसत नाही. जानेवारीत सव्वा तासात -४६ अंशांवर जायचा, मे महिन्यात अडीच तास लागले.

पण खरा धडा बाथने नाही, चिमट्याने दिला.

आम्ही एलएफ२ या स्टीलचे फ्लँज बनवतो. ते थंड सेवेत जातात, म्हणून -४६ अंशांवर तीन सॅम्पलची सरासरी किमान २० जूल लागते आणि एकही सॅम्पल १६ च्या खाली चालत नाही. मे महिन्यात एका लॉटचे आकडे आले ३१, २४ आणि २७. पास. तरी मला ते पटेनात, कारण तुटलेले तोंड जवळजवळ पूर्ण चकचकीत, दाणेदार होतं. स्टील ताणून फाटलं की तोंड मळकट, धाग्यांसारखं दिसतं. ठिसूळपणे तुटलं तर चकाकतं.

सॅम्पल बाथमधून काढल्यापासून पाच सेकंदांत तुटलं पाहिजे. आमचा मशीनवरचा मुलगा चार सेकंदांत मारतो. मग एका जुन्या सॅम्पलला नॉचखाली भोक पाडून तापमान मोजणारं थर्मोकपल घातलं आणि तसंच उचलून पाहिलं. चौथ्या सेकंदाला -४० अंश! चिमटा टेबलावर पडून चाळिशीपार तापलेला, आणि त्याच्या जबड्यांची पकड नेमकी नॉचच्या दोन्ही बाजूंना. तोच चिमटा सॅम्पलांसोबत बाथमध्ये बुडवून ठेवला, तेव्हा तापमान -४५ च्या वर गेलं नाही.

पाच-सहा अंशांनी असा काय फरक पडतो? थंडीत या स्टीलची यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे ते कायमचं वाकायला लागणारा ताण, वाढत जाते. नॉचच्या टोकाशी धातू वाकायच्या आधीच दाणे चिरतात, आणि हा बदल थोड्याच अंशांत होतो. आमचा लॉट नेमका त्या उतारावर बसला होता.

थंड चिमट्याने पुन्हा तीन सॅम्पल मारले: २६, १९, १२. सरासरी १९, म्हणजे फेल. शोध घेतला तर भट्टीत फ्लँज एकावर एक रचून नॉर्मलाइज केले, म्हणजे तापवून हवेत थंड केले होते. मधल्या थराला पुरेसं तापमान मिळालंच नाही आणि फोर्जिंगचे जाड दाणे तसेच राहिले. सुटे मांडून ९०० अंशांवर पुन्हा नॉर्मलाइज केल्यावर आकडे आले ७४, ६८, ८१.

मशीनसोबत आलेल्या कागदांत चिमट्याबद्दल एक ओळ नव्हती. आता दोन चिमटे आळीपाळीने बाथमध्येच असतात.