ओट्यावरचा लोड: एक्स्टेंशन बोर्ड, सॉकेट बदलणं की वेगळी लाइन?

स्वयंपाकघरात वस्तू वाढल्या की पॉइंट कमी पडतात. मग घरातले तीन पर्याय विचारतात: चांगला एक्स्टेंशन बोर्ड आणावा, आहे त्या बोर्डात मोठा सॉकेट बसवून घ्यावा, की मीटरच्या बाजूच्या डीबीपासून, म्हणजे जिथून घरभर लाइनी वाटल्या जातात त्या पेटीपासून, ओट्यापर्यंत नवी लाइन ओढावी. गेली बावीस वर्षं मी घरांच्या वायरिंगची कामं करतो. माझ्या मते यातला सगळ्यात धोकादायक पर्याय मधला आहे. तो करून घेतल्यावर घरच्यांना वाटतं, प्रश्न सुटला.

ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीत माझी मावशी राहते. तिच्या ओट्यावर सिंकच्या डाव्या हाताला एकच बोर्ड होता. त्यावर २००० वॅटची इंडक्शन शेगडी, १५०० वॅटची केटल आणि ७५० वॅटचा मिक्सर. सकाळी डबे भरायच्या घाईत तिन्ही एकदम चालायचे. २३० व्होल्टला इंडक्शन ८.७ अँपिअर ओढते, केटल ६.५ आणि मिक्सर ३.३. एकूण साडेअठरा अँपिअर.

आता एक्स्टेंशन बोर्ड. तो कितीही महागाचा घ्या, शेवटी भिंतीतल्या ज्या सॉकेटात त्याची पिन जाते, त्या सॉकेटाची आणि मागच्या वायरीची कुवत तेवढीच राहते. बारीक पिनांचा प्लग ६ अँपिअरचा असतो, म्हणजे साधारण १३८० वॅटपर्यंतचा. त्यावर मोबाइल चार्जर, वॉटर प्युरिफायर, हँड ब्लेंडर ठीक. इंडक्शन एकटीसुद्धा नाही. जाड पिनांचा प्लग बारीक छिद्रांत बसवणारा कन्व्हर्टर दुकानात सहज मिळतो, पण त्याने फक्त पिन बसते, वायर जाड होत नाही. शिवाय सिंकजवळ एक्स्टेंशन बोर्ड खिळ्याला लटकवलेला किंवा ओट्यावर आडवा ठेवलेला असतो. वरच्या रॅकमधल्या ताटांचं पाणी त्याच्या छिद्रांत ठिबकतं. पाणी वायरीवरून ओघळतही येतं. म्हणून वायर सॉकेटाच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी. थेंब झोळात खाली पडतो, सॉकेटात शिरत नाही.

मावशीने एक्स्टेंशन काढून दुसरा पर्याय घेतला होता. कुणीतरी जुन्या बोर्डात १६ अँपिअरचा सॉकेट बसवून दिला. पहिल्याच आठवड्यात एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप लाइन तोडणारा स्विच, वारंवार पडायला लागली, तेव्हा १० ची काढून २० ची लावली. नंतर पडणं बंद झालं आणि सगळे खूश. मी बोर्ड उघडला तेव्हा मागे एक स्क्वेअर एमएमची जुनी तांब्याची वायर होती. टर्मिनलपाशी तिचं लाल आवरण चॉकलेटी झालं होतं आणि वाकवल्यावर कडकड तुटलं. भिंतीतल्या पाइपातून जाणारी अशी वायर साधारण ११ अँपिअरपर्यंत सुरक्षित. मावशीच्या घरी तिच्यातून साडेअठरा जात होते आणि २० ची एमसीबी गप्प होती. ती तिच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त लोडलाही तासभर पडेलच असं नाही. आकड्याच्या सुमारे दीडपट करंट गेला तरच ती तासाभरात पडण्याची खात्री असते. एमसीबी वायरीला जपण्यासाठी असते. ती सारखी पडते म्हणून मोठी बसवणं म्हणजे जळणाऱ्या वायरीचा पहारेकरी काढून टाकणं.

हे घरबसल्या ओळखता येतं. वस्तू वीस मिनिटं चालवा, बटण बंद करा, प्लग काढा आणि कोरड्या हाताच्या पालथ्या बाजूने प्लग व सॉकेटाची पट्टी चाचपा. कोमट असेल तर चालेल, हात टिकत नसेल तर वापर थांबवा. छिद्राभोवती पिवळट-तपकिरी वलय, जळक्या प्लॅस्टिकचा वास किंवा बटण दाबताना चरचर आली, तर आत स्क्रू सैल झालाय. सैल जोडावर लोड मोजून जास्त नसला तरी उष्णता तिथेच साठते.

तिसरा पर्याय म्हणजे डीबीतून वेगळी लाइन. एका १६ अँपिअरच्या पॉइंटला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, सोबत अर्थिंगची हिरवी वायर आणि १६ ची स्वतंत्र एमसीबी. एकाच लाइनीवर दोन जड वस्तू चालवायच्या असतील तर मी चार स्क्वेअर एमएम टाकतो आणि २० ची एमसीबी देतो. त्यावरही इंडक्शन आणि केटल एकाच वेळी ठीक, तिसरी जड वस्तू नको. भिंत फोडायची नसेल तर ओट्याच्या वरून केसिंग पट्टी नेता येते. दिसायला बरं नाही, पण काम एका दिवसात होतं. बोर्ड सिंकपासून दोन-तीन फूट दूर आणि नळाचे शिंतोडे पोहोचणार नाहीत इतका उंच घ्यावा.

मात्र नवी लाइन ओव्हरलोड थांबवते, शॉक थांबवत नाही. हे दोन वेगळे धोके आहेत. मिक्सरच्या मोटारीत ओल गेली, एका हाताने तुम्ही त्याचा धातूचा भाग धरलाय आणि दुसरा हात नळाला लागलाय, तर करंट तुमच्यातून जमिनीत जातो. तो चाळीस-पन्नास मिलिअँपिअरच असला तरी हृदयाला घातक ठरू शकतो आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला तो कळतही नाही. त्यासाठी आरसीसीबी हवी, ३० मिलिअँपिअरची. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येत नाही हे ती पाहते आणि क्षणात लाइन तोडते. उलट ती ओव्हरलोड पाहत नाही, म्हणून दोन्ही लागतात. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम बोट लागलं तर मात्र आरसीसीबीही वाचवू शकत नाही. ओला हात सॉकेटापासून दूरच.

अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांच्या सॉकेटात तिसरं छिद्र असतं, पण मागे वायर जोडलेली नसते असं मी कितीतरी घरांत पाहिलंय. मिक्सर किंवा फ्रिजला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर चप्पल घालून वापरत राहू नका, ती वस्तू बंद करा.

पैसे कमी असतील तर माझा सल्ला: आधी आरसीसीबी आणि अर्थिंग करा, आणि लाइन येईपर्यंत जड वस्तू एका वेळी एकच, तीही तिच्या जाड पिनांच्या मूळ पॉवर पॉइंटवर. भाड्याच्या घरात वायरिंग बदलता येत नसेल तर १२००-१३०० वॅटपर्यंतच्याच वस्तू घ्या. एक्स्टेंशन घ्यायचाच तर आयएसआय खुणेचा, अर्थिंगसह, आणि सिंकच्या भिंतीवर नाही.

मावशीकडे नवी लाइन आणि आरसीसीबी बसवली त्या संध्याकाळी आरसीसीबी दोनदा पडली. शेजाऱ्याच्या ओळखीचा एक वायरमन म्हणाला, बायपास करून देतो. मी एकेक प्लग काढत गेलो. वॉटर प्युरिफायर लावला की पडायची. त्याचा अडॅप्टर सिंकखालच्या कपाटात होता, पाइपाच्या गळक्या जोडाखाली, आणि त्याच्या पिनांवर हिरवट गंज होता. जोड बदलला, नवा अडॅप्टर वरच्या कोरड्या कप्प्यात नेला. त्यानंतर आरसीसीबी फक्त महिन्यातून एकदा पडते, मावशी तिच्यावरचं ‘टी’ बटण दाबते तेव्हा.